फोटोतला पट्टा नेमकं काय धरतो?

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्या, योजनेच्या अटींत बसणाऱ्या ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच ३००० रुपये जमा करायचे आणि त्यातून त्यांनी उपयोगाचं साहित्य घ्यायचं, अशी ती योजना. साहित्याच्या यादीत चष्मा आणि श्रवणयंत्राबरोबर फोल्डिंग वॉकर, नी-ब्रेस, लंबर बेल्ट आणि सर्व्हायकल कॉलर ही नावं आहेत. सरकारी यादीला एवढी नावं पुरतात. पण दुकानात जाऊन ‘नी-ब्रेस द्या’ म्हटलं, तर काउंटरवर सहा-सात अगदी वेगवेगळ्या वस्तू येऊ शकतात. त्यातली एक गुडघा फक्त उबदार ठेवते, एक तो वाकूच देत नाही, तर एक वाकू देते पण बाजूला झुकू देत नाही. मग घरातलं कुणीतरी फोटो काढून ओळखीच्या फिजिओथेरपिस्टला पाठवतं आणि खाली लिहितं, ‘हे काय आहे? आईला चालेल का?’

माझ्या फोनवर असे फोटो येत असतात. त्या निरोपात प्रश्न दोन असतात आणि ते वेगळे ठेवावे लागतात. वस्तू काय आहे आणि ती शरीरातली कुठली हालचाल रोखते, हे चांगल्या फोटोतून बहुतेक वेळा सांगता येतं. ती आईला चालेल का, हे मात्र आईच्या गुडघ्यावर अवलंबून असतं आणि तो गुडघा फोटोत नसतो. या लेखाचा भर पहिल्या प्रश्नावर आहे. दुसऱ्याची मर्यादा जिथे आडवी येते, तिथे ती सांगत जाईन.

ओळखताना रंग, कापड, खोक्यावरचं नाव यांकडे आधी बघू नये. काळं निओप्रीन आणि निळी किनार सगळ्याच पट्ट्यांना असते. बघायचं ते असं: ताठ भाग कुठे आहे, बिजागरी आहे का, आणि वस्तू अंगाला नेमकी कुठे कुठे टेकते. वाकलेली छत्रीची काडी सरळ करायची तर दोन्ही टोकं बोटांनी धरून मध्ये उलट बाजूने अंगठा लावावा लागतो. सांध्याला आधार देणारं प्रत्येक ताठ साधन हेच करतं. दोन ठिकाणी एका बाजूने दाब आणि मधल्या ठिकाणी विरुद्ध बाजूने. फोटोत हे तीन दाब सापडले की साधन कुठल्या दिशेची हालचाल अडवतं ते कळतं. ते कुठेच सापडले नाहीत, तर ते साधन सांधा धरत नाही, फक्त दाबतं किंवा आठवण देतं.

गुडघ्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

विणलेली, पायातून वर ओढायची, कुठेही पट्टी किंवा धातू नसलेली वस्तू म्हणजे नी कॅप. तिने ऊब मिळते, थोडा दाब बसतो आणि त्वचेवरच्या त्या स्पर्शामुळे सांधा कुठे आहे याची जाणीव जरा वाढते. झीज झालेल्या गुडघ्याच्या माणसाला तिने बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं खोटं नसतं. पण ती गुडघ्याचं वजन उचलत नाही आणि सैल अस्थिबंधाला धरूनही ठेवत नाही. ‘नी कॅप घातली आहे, आता जिने चढायला हरकत नाही’ हा निष्कर्ष कॅपमधून निघत नाही.

त्याच कॅपला वाटीच्या जागी भोक आणि भोकाभोवती सिलिकॉनची किंवा फोमची कडी असेल, तर तिचा रोख वाटीकडे आहे. ही कडी पूर्ण गोल आहे की अर्धचंद्राकार, ते फोटो मोठा करून बघावं. अर्धचंद्र म्हणजे जाड गादी एकाच बाजूला. ती गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला यायला हवी, कारण वाटी सरकते ती बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला, आणि गादीने तिला तिथे अडवायचं असतं. असा पट्टा चुकून दुसऱ्या पायात घातला की गादी आतल्या बाजूला जाते आणि वाटीला जिथे जाऊ द्यायचं नाही तिकडेच ढकलते. घातलेल्या पट्ट्याच्या फोटोत ही चूक एका नजरेत दिसते.

वाटीच्या लगेच खाली बांधलेली एकच अरुंद पट्टी ही आणखी वेगळी गोष्ट. वाटी आणि नडगीचं हाड यांना जोडणाऱ्या जाड दोरीवर, म्हणजे पटेलर टेंडनवर, ती दाब देते. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल अशा उड्यांच्या खेळात तिथे दुखणं होतं, त्यासाठी ती असते. आजीच्या झिजलेल्या गुडघ्याशी तिचा संबंध नाही, जरी ती सगळ्यात स्वस्त आणि सुटसुटीत असल्यामुळे आजीसाठीच आणली जात असली तरी.

आता ताठ भागांकडे येऊ. मांडीच्या मध्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत जाणारा, फोमचा, मागे आणि दोन्ही बाजूंना धातूच्या सरळ पट्ट्या असलेला, चार-सहा वेल्क्रोंचा आणि बिजागरी नसलेला लांब पट्टा दिसला, तर तो इमोबिलायझर. दुकानात त्याला ‘लाँग नी ब्रेस’ म्हणतात. त्याचं काम एकच, गुडघा सरळ ठेवणं. वाटीचं हाड मोडलं असेल, मांडीच्या स्नायूची दोरी तुटली असेल, किंवा शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू अजून पायाला धरू शकत नसेल, तेव्हा तो लागतो. झिजेच्या दुखण्यावर कुणी आपल्या मनाने तो महिनोन्‌महिने लावला, तर गुडघा आखडतो आणि मांडीचा स्नायू वाळतो. म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला ज्या स्नायूची सगळ्यात जास्त गरज, तोच आपण घालवतो.

दोन्ही बाजूंना पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये मोकळी फिरणारी बिजागरी असेल, तर तो हिंज्ड ब्रेस. तो गुडघा पुढे-मागे वाकू देतो आणि बाजूला झुकू देत नाही. गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध दुखावला की याचा उपयोग होतो. याच बिजागरीवर गोल तबकडी असेल आणि तबकडीवर ०, ३०, ६०, ९० असे अंश कोरलेले असतील, तर तो आरओएम ब्रेस. त्यात डॉक्टर ठरवतात की गुडघा किती सरळ व्हावा आणि किती वाकावा. तबकडीतली खीळ किंवा बटण त्या आकड्यावर लावलं की पुढची हालचाल बंद होते. अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियांनंतर अनेकदा हाच दिला जातो आणि काम संपल्यावर कपाटात जातो.

या कपाटातल्या ब्रेसचं पुढे काय होतं, ते एका उदाहरणाने पाहू. समजा फोटो आला आहे. पलंगाच्या चादरीवर काळा, लांब ब्रेस पसरलेला. चार पट्टे, दोन्ही बाजूंना तबकड्या. सोबत निरोप: ‘दोन वर्षांपूर्वी माझं लिगामेंटचं ऑपरेशन झालं, तेव्हाचा आहे. आईचं वय ६७, पाय बाहेरून धनुष्याकृती झालेत, गुडघा आतल्या बाजूने दुखतो. तिला लावू का?’ फोटो मोठा करून बघितला तर तबकडीवर दोन खिळा दिसतात. एक ३० वर, एक ९० वर. म्हणजे हा ब्रेस आहे त्या स्थितीत लावला, तर आईचा गुडघा ३० अंशांच्या पलीकडे सरळच होणार नाही. ती दिवसभर गुडघा वाकवून चालेल, मांडीच्या स्नायूवर ताण वाढेल आणि वाटीमागचा दाबही. दुसरी खीळ तिला खुर्चीत बसू देईल, पण खालच्या आसनावरून उठायला ९० अंशांहून जास्त वाकावं लागतं, तिथे ती अडेल.

मुलगा म्हणेल, खिळा काढून टाकतो. काढल्यावर काय उरतं? दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीच्या, सारख्याच सरळ पट्ट्या. तीन दाब शोधले तर या ब्रेसमध्ये एका बाजूचा जोर दुसरीपेक्षा जास्त नाही. आईच्या पायाला हवी आहे ती नेमकी विषमता. पाय धनुष्याकृती असताना शरीराचा भार गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावर जास्त पडतो. तो भार थोडा बाहेरच्या कप्प्याकडे वळवायचा असेल, तर गुडघ्यावर बाहेरून आत दाब हवा, आणि मांडी व नडगीवर आतून बाहेर. असं करणाऱ्या साधनाला अनलोडर किंवा ऑफलोडर म्हणतात. फोटोत तो ओळखायची खूण म्हणजे त्याचं एकांगीपण: एकाच बाजूला जाड चौकट, गुडघ्याजवळ मोठी गादी, आणि बहुतेक वेळा तिरपा जाणारा, गुडघ्याला वळसा घालणारा पट्टा. वरच्या फोटोतल्या ब्रेसमध्ये यातलं काही नाही, म्हणून उत्तर ‘नको’.

अनलोडरच आणा, असंही मी लगेच म्हणणार नाही. हाताने बाजूने ढकलल्यावर जो गुडघा थोडा सरळ होतो, त्यालाच तो उपयोगी. जो आखडून वाकडा झाला आहे, त्यावर ब्रेसचा दाब फक्त कातडीला सोसावा लागतो. दुखणं वाटीच्या मागे असेल किंवा दोन्ही कप्पे झिजले असतील, तरी त्याचा फायदा नाही. ज्यांना तो लागू पडतो त्यांनाही तो जड, गरम आणि साडीखाली अडचणीचा वाटतो, आणि बरेच जण काही महिन्यांनी काढून ठेवतात. महाग वस्तू घेण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

पायात घातलेल्या ब्रेसचा फोटो असेल तर आणखी दोन गोष्टी कळतात. बिजागरी वाटीच्या मध्याच्या पातळीवर असायला हवी. मांडी वर जाड आणि खाली निमुळती असल्यामुळे ब्रेस चालताना खाली घसरतो. बिजागरी नडगीवर आली की ब्रेस एका जागी वाकतो, गुडघा दुसऱ्या जागी, आणि दोघांची ओढाताण कातडीवर उमटते. दुसरी गोष्ट खालच्या पट्ट्याची. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचं एक टोक हाताला लागतं. त्याच्या मानेभोवतून पावलाकडे जाणारी नस अगदी कातडीखालून जाते. पट्टा तिथे आवळला, तर पावलाच्या वरच्या भागात मुंग्या येतात, आणि नस बराच वेळ दबली तर पाऊल वर उचलता येईनासं होतं. पट्टा त्या टोकावरून जाताना फोटोत दिसला, की मी बाकी काही सांगण्याआधी तो सैल करायला सांगतो.

एक जुनं साधनही अधूनमधून फोटोत येतं: मांडीपासून थेट बुटात जाणाऱ्या दोन धातूच्या सळ्या, चामड्याचे पट्टे आणि गुडघ्याशी खाली सरकणारी कडी. हा पोलिओचा कॅलिपर. कडी खाली असताना गुडघा कुलूपबंद होतो आणि स्नायू नसलेला पाय उभा राहतो, बसताना कडी वर ओढायची. मुंबईत हाजी अलीला असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्थेत अशी साधनं मोजमाप घेऊन बनवली जातात. तो दुखण्याचा पट्टा नाही आणि एकाचा दुसऱ्याला होत नाही.

मानेच्या कॉलरची ओळख गुडघ्यापेक्षा सोपी आहे. कॉलर किती ठिकाणी टेकते ते मोजायचं: हनुवटी, डोक्याची मागची बाजू, छातीचं हाड, वरची पाठ. जितकी ठिकाणं जास्त, तितकी मान जास्त धरली जाते.

सॉफ्ट कॉलर म्हणजे फोमची एकसंध पट्टी, वर सुती खोळ, वेल्क्रो मागे. ती हनुवटीला जेमतेम स्पर्श करते आणि छातीवर उतरत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या कॉलर लावून निरोगी माणसांच्या मानेची हालचाल मोजली. सॉफ्ट कॉलरने मान खाली-वर करणं सुमारे पाव भागाने कमी झालं, आणि बाजूला वळवणं त्याहूनही कमी अडलं. म्हणजे ती मान धरत नाही. ‘जपून’ असं सांगते आणि ऊब देते. डोकं बाजूला वळवण्याची जवळजवळ अर्धी हालचाल वरच्या दोन मणक्यांमध्ये होते आणि फोमची पट्टी तिथपर्यंत पोहोचत नाही. स्पॉण्डिलोसिसच्या दुखण्यात काही दिवस ती लावायला हरकत नाही, पण आठवडेच्या आठवडे लावली की मानेचे स्नायू आळसावतात. कॉलर लावून पुण्याच्या वाहतुकीत स्कूटर चालवणारे लोक मी पाहतो, तेव्हा त्यांच्या मानेपेक्षा मला त्यांच्या मागच्या गाडीची जास्त काळजी वाटते.

सॉफ्ट कॉलरच्या फोटोत एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. पट्टीला एका बाजूला हनुवटीसाठी खोलगट भाग असतो, तो पुढे यायला हवा. कॉलर उलटी लावली, किंवा एक माप मोठी घेतली, की हनुवटी वर ढकलली जाते आणि मान मागे झुकते. मान मागे गेली की नसा बाहेर पडायची भोकं अरुंद होतात. ज्यांच्या हातात आधीच मुंग्या आहेत, त्यांच्या मुंग्या कॉलरनेच वाढतात आणि ते म्हणतात, ‘कॉलर लावूनही बरं नाही.’ फोटो बाजूने काढलेला असेल, तर नजर समोर आहे की छताकडे, यावरून हे लगेच समजतं.

दोन तुकड्यांची, दाट फोमची, पुढे आणि मागे प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेली, हनुवटीसाठी खोबण आणि गळ्यापुढे भोक असलेली कॉलर म्हणजे फिलाडेल्फिया कॉलर. भोक श्वासनलिकेसाठी ठेवलेलं असतं, गरज पडल्यास तिथून नळी घालता यावी म्हणून. जॉन्सन यांच्या मोजणीत तिने मान खाली-वर करणं ७० टक्क्यांच्या आसपास अडवलं. शस्त्रक्रियेनंतर किंवा स्थिर अस्थिभंगात ती दिली जाते. मानेच्या अगदी तळाचा मणका आणि पाठीचा पहिला मणका यांच्यामधला सांधा मात्र तिच्या हातात येत नाही. तिथे काही असेल तर छातीवर उतरणारं साधन लागतं. छातीवर ताठ पाटी आणि तिच्यातून हनुवटीकडे व डोक्यामागे जाणाऱ्या सळ्या फोटोत दिसल्या, तर तो सोमी ब्रेस. कपाळाभोवती कडं, ते कवटीत स्क्रूने बसवलेलं आणि सळ्यांनी छातीच्या जाकिटाला जोडलेलं असेल, तर तो हेलो. कॅलिफोर्नियात पेरी आणि निकेल यांनी १९५९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि त्यांचे पहिले रुग्ण पोलिओने मानेचे स्नायू गेलेले होते. जॉन्सन यांच्या मोजणीत हेलोने ९६ टक्के हालचाल रोखली.

रुग्णवाहिकेत लावतात ती कॉलर या सगळ्यांपेक्षा वेगळी दिसते: पातळ, ताठ प्लास्टिक, एकाच तुकड्याचं, पुढे मोठं भोक, आणि उंची बदलायच्या खाचा. ती अपघातानंतर तपासणी होईपर्यंतची असते. तिच्यात आतली गादी नावापुरती, म्हणून काही तासांतच हनुवटीखाली आणि डोक्यामागे कातडी लाल होते. अशी कॉलर लावलेल्या माणसाचा फोटो आला तर ती घरच्यांनी काढायची नाही आणि घरी लावूनही ठेवायची नाही. ते तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

चालण्याच्या साधनांना फार वेळ लागत नाही, कारण जमिनीला किती ठिकाणी टेकतं आणि हात कुठे टेकतो, एवढ्यावर काम भागतं. एक टोक म्हणजे काठी, तीन पाय म्हणजे ट्रायपॉड, चार म्हणजे क्वाड्रिपॉड. शेवटच्या दोघांचा पायथा एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला पसरलेला असतो. सपाट बाजू पायाकडे हवी, नाहीतर माणूस त्यालाच अडखळतो. काखेत गादी असलेल्या त्या कुबड्या, कोपराखाली कडं असलेली ती एल्बो क्रच, आणि हात आडवा ठेवायची पन्हळ असेल तर ती मनगट किंवा बोटांवर वजन घेता न येणाऱ्यांसाठी. कुबडीची गादी काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवी आणि वजन मुठीवर. ती काखेत रुतलेली फोटोत दिसली, तर हाताच्या नसेला धोका आहे आणि मनगट लुळं पडण्याची वेळ येऊ शकते. चौकटीला चाकं नसतील तर साधा वॉकर, पुढे दोन असतील तर उचलायची ताकद नसलेल्यांसाठीचा. चार चाकं, ब्रेक आणि बसायची जागा असेल तर रोलेटर, आणि त्यावर पूर्ण वजन टाकून झुकायचं नसतं.

काठीवरून दुखरा पाय ओळखायचा मोह होतो. नियम असा की काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजव्या पायावर उभं असताना कंबर डावीकडे कलते आणि तिला सांभाळणारे उजव्या खुब्याचे स्नायू सांध्यावरच जोरात दाबतात. डाव्या हातातली काठी लांबून थोडंसं वर ढकलते आणि त्या स्नायूंचं काम हलकं करते. पण आपल्याकडे बहुसंख्य लोक काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात, कारण तसं सुरक्षित वाटतं. म्हणून फोटोवरून दुखरा पाय ठरवू नये. उंची मात्र ठरवता येते: हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी आणि धरल्यावर कोपर जरासं वाकावं. लांब, बारीक, पांढरी आणि टोकाला लाल असलेली काठी आधाराची नव्हेच. ती अंध माणसाची असते, तिच्यावर भार टाकला तर वाकेल.

फोटो पाठवायचाच असेल तर एक पुरत नाही. वस्तू पसरून एक, उभं राहून घातलेली समोरून आणि दोन्ही बाजूंनी, आणि आतल्या लेबलाचा एक. पुढच्या कॅमेऱ्याने काढू नका, काही फोन चित्र उलटं साठवतात आणि डावा गुडघा उजवा दिसतो. कुठला पाय दुखतो ते लिहून पाठवा. आणि मानेच्या बाबतीत आधी हे बघा: शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का, चालताना पाय आपल्या ताब्यात नाहीत असं वाटतं का, लघवीवरचा ताबा बदलला आहे का. यातलं काहीही असेल, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तिथे कुठली कॉलर घ्यायची हा प्रश्नच उरत नाही. त्याच दिवशी मणक्याच्या डॉक्टरांकडे जायचं, फोटो नंतर पाठवला तरी चालेल.